राहिलेलं एक पान

पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाची जुळवाजुळव ज्यानं केली आहे, त्याला हा प्रसंग ओळखीचा असेल. गूगल डॉक्समधली फाईल सगळ्यांना पाठवलेली असते. ठेवी, शाखा, ताळेबंद ही पानं भरतात, आणि ‘थकीत कर्ज व वसुली’ हे मथळ्याखालचं पान कोरंच राहतं. ते ज्यांच्याकडे आहे त्या मॅडम वीस वर्षांच्या सहकारी असतात. त्यांच्या मागे लागायचं कसं?

आधी मुदत खरी असावी लागते. 2025 सालचं कॅलेंडर समोर ठेवून बघू. सहकार कायद्यानुसार वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची. समजा, ती 28 तारखेला, रविवारी ठेवली. सभेच्या नोटिशीला पूर्ण 14 दिवस मिळायला हवेत. नोटीस काढल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे 13 सप्टेंबरला नोटीस अहवालासह बाहेर पडलीच पाहिजे. घड्या घालणं, पत्ते चिकटवणं आणि टपाल यांना दोन दिवस, छपाईला चार. त्यात 6 तारखेला अनंत चतुर्दशी, त्या दिवशी छापखाना बंद. म्हणून फाईल शुक्रवारी, 5 तारखेला द्यायची, आणि सगळा मजकूर गुरुवारी संध्याकाळी हाती हवा. हा हिशेब सहकाऱ्याला दोन ओळींत सांगितला की मुदत ‘माझी’ राहत नाही, कामाची होते. तसं न सांगता नुसतं ‘लवकर द्या’ म्हटलं, तर लवकर म्हणजे कधी हे प्रत्येकजण आपापलं ठरवतो.

दुसरी गोष्ट, पान का अडलं ते आधी शोधावं. माझा अनुभव असा की आळस क्वचितच असतो. पहिली मुदत 30 ऑगस्ट होती, आणि लगेच गौरी आल्या. घरात कामाचा डोंगर. पण त्याहून मोठं कारण बहुधा आकड्यात असतं. शाखेच्या नोंदीतली थकबाकी आणि लेखापरीक्षकांच्या अहवालातली थकबाकी जुळत नाही, आणि न जुळणारा आकडा लिहायला कोणी धजत नाही. कधी कारण आणखी साधं निघतं: फाईल फक्त वाचण्यासाठी दिलेली असते, किंवा त्या दुसऱ्याच ईमेलनं उघडतात आणि परवानगी मागणारा पडदा दिसतो. म्हणून शेअर केलेल्या यादीत त्यांच्या नावासमोर Editor आहे का, हे निरोप पाठवण्याआधी बघून घ्यावं. आपल्याच चुकीसाठी दुसऱ्याला टोकणं फार वाईट वाटतं.

आता निरोप. मी तो फाईलमध्ये नाही, आधी खाजगीत पाठवतो, कारण फाईलमधली कॉमेंट अध्यक्षांपासून शिपायापर्यंत, ज्यांना त्या फाईलमध्ये बदल किंवा कॉमेंट करता येते ते सगळे वाचतात. बुधवारी सकाळी तो असा जाईल:

“नमस्कार मॅडम, गौरी छान पार पडल्या ना? अहवालातलं ‘थकीत कर्ज व वसुली’ हे पान राहिलंय. 31 मार्चची थकबाकी, वर्षभरातली वसुली आणि चार-पाच ओळी एवढंच हवंय. उद्या, गुरुवारी संध्याकाळी 5 पर्यंत मिळालं तर शुक्रवारी छापखान्यात देता येईल. शनिवारी विसर्जनामुळे तो बंद आहे. आकडा जुळत नसेल तर आज दुपारी मी खाली येतो, दोघं मिळून बघू. उद्या जमणारच नसेल तर लेखापरीक्षकांच्या अहवालातले आकडे घेऊन मी पान भरीन आणि तुम्हाला दाखवूनच पुढे पाठवीन.”

यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यात धमकी नाही, पण मुदत उलटली तर काय होणार हे आधीच उघड आहे. त्यांच्या पानाचा मानही राहतो. ‘वेळ मिळाला तर बघाल का’ असं लिहिलं की सौजन्य दिसतं खरं, पण ‘नाही जमलं’ म्हणायला दारही उघडं राहतं.

मग फाईलमध्ये, त्या कोऱ्या मथळ्यावरच, छोटी कॉमेंट: ‘@’ टाकून त्यांचा ईमेल पत्ता निवडायचा, ‘गुरु. 4 सप्टें., सायं. 5 पर्यंत’ लिहायचं आणि काम नेमून देण्याच्या चौकोनात खूण करायची. नुसतं ‘मॅडम, बघा’ लिहिलं तर त्यांना सूचना जातेच असं नाही. ‘@’नं पत्ता निवडला की ईमेल जातो.

गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर नसेल तर तिसरा संदेश लिहू नका. जिना उतरून त्यांच्या टेबलाशी जा, आकडे सोबत घेऊन.