फोटोतल्या वक्रावरून अंदाज आणि त्याची त्रुटी

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल, तर पेरणीआधी त्याची उगवण तपासा, असं कृषी विभाग दर खरिपात सांगतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं आणि आठवडाभराने निरोगी कोंब मोजायचे. समजा, ८० दाणे उगवले. आपण सरळ म्हणतो, उगवण ८० टक्के. पण पोत्यात लाखांच्या घरात दाणे असतात आणि आपण पाहिले फक्त शंभर. सगळ्या पोत्याची खरी उगवण ७७ टक्के असती, तरीही शंभरात ८० कोंब येऊ शकले असते. ८३ असती, तरीही.

मग उलटा प्रश्न विचारायचा. खरी उगवण अमुक असेल, तर शंभरात बरोबर ८० दाणे उगवण्याची शक्यता किती? ती ०.८० धरली, तर ही शक्यता शंभरात जवळपास दहा निघते. ०.७० धरली, तर शंभरात एकसुद्धा नाही. अशी प्रत्येक किंमत आडव्या अक्षावर आणि तिची शक्यता उभ्या अक्षावर मांडली की टेकडीसारखा वक्र तयार होतो. हाच लाइकलिहूडचा वक्र. माथ्याखालची आडव्या अक्षावरची किंमत हा आपला अंदाज. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ सालच्या निबंधात ही पद्धत ‘मॅक्सिमम लाइकलिहूड’ या नावाने मांडली. प्रत्यक्षात उभ्या अक्षावर बहुधा लाइकलिहूडचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतात. माथा जागचा हलत नाही आणि हिशेब सोपा होतो.

आता समजा, हा लॉगचा वक्र एका छापील पानावर आहे. आकडे कुठेच दिलेले नाहीत आणि हातात आहे तो मोबाइलवर काढलेला त्या पानाचा फोटो. एवढ्यावरून अंदाज आणि त्याची त्रुटी, दोन्ही वाचता येतात.

पहिलं काम म्हणजे पिक्सेलचं अक्षावरच्या किमतींशी नातं जोडणं. चित्रं उघडण्याच्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये कर्सर नेला की पिक्सेलचे आकडे दिसतात. आडव्या अक्षावर ०.६ ची खूण २१० व्या पिक्सेलवर आणि १.० ची १४१० व्या पिक्सेलवर असेल, तर ०.४ साठी १२०० पिक्सेल, म्हणजे ०.०१ ला ३० पिक्सेल. उभ्या अक्षावर −५० ही खूण १५० वर आणि −५४ ही ९५० वर असेल, तर एका एककाला २०० पिक्सेल. (पिक्सेल वरून खाली मोजतात, हे विसरलं की सगळं उलटं होतं.) लगेच मधली एक खूण तपासावी. ०.८ ची खूण ८१० वर पडायला हवी. ती ८०० वर दिसली, तर मोबाइल तिरका धरलेला होता किंवा पान शिवणीपाशी फुगलेलं होतं. अशा फोटोची चौकट आधी सरळ करून घ्यावी, नाहीतर पुढची मापं फुकट.

आता माथा. इथे सगळ्यांचा पहिला प्रयत्न सर्वात उंच पिक्सेल शोधण्याचा असतो आणि तो फसतो. माथ्याशी वक्र जवळजवळ आडवा असतो. आपल्या वक्रात माथ्यापासून दोन्ही बाजूंना बारा-बारा पिक्सेल सरकलं, तरी उंची एकाच पिक्सेलने उतरते. त्यात छापील रेघेची स्वतःची जाडी. म्हणजे नेमका माथा डोळ्यांना दिसतच नाही. उतार मात्र स्वच्छ दिसतात, म्हणून मापं उतारांवर घ्यावीत.

माथ्याची उंची मात्र नीट वाचता येते. ती १५८ व्या पिक्सेलवर आहे, म्हणजे सुमारे −५०.०४. तिथून अर्धा एकक, म्हणजे १०० पिक्सेल, खाली उतरून एक आडवी रेघ मारू. ती वक्राला ६८४ आणि ९२४ वर छेदते. किमती ०.७५८ आणि ०.८३८, आणि मध्यबिंदू ०.७९८. आणखी खाली, १.९२ एककांवर, छेद ५५४ आणि १०२१ वर येतात, मध्यबिंदू ०.७९२५. खाली जावं तसा मध्यबिंदू डावीकडे सरकतो, कारण ही टेकडी डावीकडे जास्त पसरलेली आहे. दोन मध्यबिंदूंमधून रेघ ओढून वर माथ्याच्या पातळीपर्यंत नेली, की ती ०.८० ला पोहोचते. न दिसणारा माथा असा सापडतो.

अर्धाच एकक का उतरायचं? माथ्याजवळ लॉगचा वक्र उलट्या पॅराबोलासारखा असतो. माथ्यापासून एक प्रमाण त्रुटी एवढं अंतर गेलं की वक्र अर्ध्या एककाने उतरतो, दोन त्रुटी गेलं की दोन एककांनी. म्हणून अर्ध्या एककाखालच्या रेघेची निम्मी लांबी हीच प्रमाण त्रुटी. आपली रेघ ०.७५८ पासून ०.८३८ पर्यंत, लांबी ०.०८, निम्मी ०.०४. पडताळा घ्यायचा तर नेहमीचं सूत्र आहेच. ०.८ गुणिले ०.२, भागिले १००, त्याचं वर्गमूळ: ०.०४. आणि १.९२ एककांखालची रेघ जवळपास ९५ टक्के विश्वासाची मर्यादा देते, इथे सुमारे ०.७१५ ते ०.८७०. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण ७० टक्के ठरवलेली आहे. ती या मर्यादेच्या बाहेर, जेमतेम का होईना, राहते.

शंभराऐवजी ४०० दाणे घेतले आणि ३२० उगवले असते, तर माथा तिथेच राहिला असता. पण तेवढंच उतरायला निम्मं अंतर पुरलं असतं आणि त्रुटी ०.०२ झाली असती. टोकदारपणा म्हणतात तो हाच. मात्र तो नजरेने ठरवू नये. आडवा अक्ष ०.७ ते ०.९ एवढाच छापला, तर हाच वक्र पसरट दिसेल आणि ० ते १ छापला तर सुईसारखा. त्रुटी दोन्हींत ०.०४ च.

उभ्या अक्षाचं नाव न वाचण्याची चूकही नेहमीची. लॉग नसून साधं लाइकलिहूड असेल, तर अर्धा एकक नव्हे, माथ्याच्या ६१ टक्के उंचीवर रेघ मारायची. आणि ती उंची शून्यापासून मोजायची. छापताना अक्षाचा तळ कापला असेल, तर दिसणाऱ्या उंचीचे ६१ टक्के चुकीची त्रुटी देतात. लॉग दहाच्या पायाचा असेल, तर अर्ध्याऐवजी ०.२२ उतरायचं.

कधी कधी टेकडीच नसते. शंभरच्या शंभर दाणे उगवले तर वक्र १.० च्या कडेपर्यंत चढतच जातो. माथ्याला गोलाई नाही, त्यामुळे प्रमाण त्रुटी सांगण्यात अर्थ नाही. तिथेही १.९२ उतरून एका बाजूची मर्यादा वाचता येते. ती ०.९८ च्या आसपास येते.

आणि एक गोष्ट कितीही स्वच्छ फोटोत दिसत नाही. हा सगळा वक्र प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे उगवतो असं धरून काढलेला आहे. गोणपाटाच्या एका कोपऱ्यात बुरशी लागली आणि तिथले दाणे एकदमच कुजले, तर ते वीस वेगळे पुरावे उरत नाहीत; वक्र मात्र ते वेगळेच समजून टोकदार दिसत राहतो. ते पकडायचं, तर त्याच पोत्यातले शंभर-शंभर दाणे आणखी दोन-तीन गोणपाटांवर ठेवावेत. एकात ८०, दुसऱ्यात ६८, तिसऱ्यात ८९ असे आकडे आले, तर त्यांची पांगापांग ०.०४ मध्ये बसत नाही. मग त्या फोटोतून वाचलेल्या त्रुटीवर विसंबू नये.