पडण्यापेक्षा घरी परतणं धोक्याचं

सात जणांची हौशी टीम शॉर्टफिल्म करते आहे. प्रसंग साधाच: रात्रीच्या वेळी गावाबाहेरच्या पाणंदीवरून एक तरुण घाबरून पळतो, ठेचकाळतो आणि पडतो. टीमला काळजी असते ती या पडण्याची. शूटिंगच्या आधी कागदावर धोक्यांचा तक्ता मांडला, की मात्र वेगळंच चित्र दिसतं.

तक्ता करायची रीत सोपी आहे. जागा आधी दिवसा पाहायची आणि मग अंधार पडल्यावर पुन्हा पाहायची. जे जे धोके दिसतील त्यांना दोन आकडे द्यायचे: असं घडण्याची शक्यता किती आणि घडलंच तर इजा किती गंभीर. दोन्ही 1 ते 5 मध्ये. मग त्यांचा गुणाकार करायचा.

आपल्या प्रसंगात पडताना खरचटण्याची शक्यता बरीच, म्हणून 4. इजा किरकोळ, म्हणून 2. गुणाकार 8. पाणंदीला लागून कठडा नसलेली विहीर आहे. तिच्यात कुणी पडण्याची शक्यता 2, पण गंभीरता 5, म्हणजे 10. आणि पहाटे पॅकअप करून पेंगुळलेल्या डोळ्यांनी बाइकवरून शहराकडे परतणं? शक्यता 3, गंभीरता 5. गुणाकार 15, सगळ्यांत मोठा.

या पद्धतीत एक खोट आहे. रोज होणारं खरचटणं (5 गुणिले 1) आणि क्वचित होणारा मृत्यू (1 गुणिले 5) तिच्यात सारखेच दिसतात. म्हणून गंभीरता 5 असलेल्या ओळीत नुसता गुणाकार पाहून पुढे जायचं नाही. तिथे पहिला प्रश्न हा, की तो धोका मुळातून काढता येईल का? विहिरीपाशी माणूस उभा करण्यापेक्षा लोकेशनच दोनशे मीटर पुढे नेलेलं बरं. अंधारात पाणंद सगळीकडे सारखीच दिसते.

आता पळणं. तीव्र एलईडीच्या झोतातून माणूस अचानक अंधारात गेला की काही वेळ त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही; डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यामुळे नटाला ठेच बहुतेक वेळा फ्रेमबाहेर पडल्यावर, शॉट संपल्यानंतर लागते. उपाय असा: थांबायची जागा उजेडाच्या आतच ठरवायची आणि तिच्या पुढेही काही पावलं मंद दिवा ठेवायचा. पळायच्या पट्ट्यातले दगड, काटे, खड्डे दिवसाच पाहून घ्यायचे. वायर या पट्ट्यातून न्यायचीच नाही.

पडण्याचे तुकडे करायचे. पळण्याचा शॉट वेगळा, ठेचकाळणाऱ्या पावलाचा क्लोजअप वेगळा. प्रत्यक्ष पडणं गुडघ्यांवरून, फ्रेमखाली ठेवलेल्या जाड फोमच्या गादीवर. पडताना हात ताठ पुढे टाकायचा नाही. मनगट मोडतं ते त्यानेच. हनुवटी छातीशी घेऊन खांद्याच्या बाजूने कलायचं. संकलनात हे तुकडे जोडले की प्रेक्षकाला सलग पडणं दिसतं. तीन टेकनंतर थांबायचं, कारण थकलेलं अंग शिकवलेलं विसरतं.

पोलीस ठाण्याला आणि सरपंचांना आधी कळवणं हीसुद्धा तक्त्यातलीच एक ओळ. रात्री शिवारात आरडाओरडा आणि धावपळ दिसली की गावाला चोर आल्याचा संशय येऊ शकतो. रात्री सुरू असलेला जवळचा दवाखाना कोणता, तिथे सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे का, हे दिवसाच फोन करून विचारायचं. 108 वर रुग्णवाहिका बोलावताना जागा नेमकी सांगता यावी, म्हणून गट क्रमांक आणि ओळखीची खूण कागदावर लिहून ठेवायची.

राहिली 15 गुणांची ओळ. हौशी टीममधली माणसं दिवसभर नोकरी करून आलेली असतात. सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. 1997 मध्ये ‘प्लेझंटव्हिल’ या हॉलिवूडपटाचा सहायक कॅमेरामन ब्रेंट हर्शमन 19 तासांचं काम संपवून घरी निघाला आणि गाडी चालवताना डोळा लागून अपघातात मरण पावला. म्हणून पॅकअपची वेळ आधीच ठरवायची, समजा रात्री एक. त्यानंतर एकही शॉट नाही. झोपायची सोय गावातच करायची, नाहीतर दिवसा झोप घेतलेला चालक ठेवायचा.

तक्त्याचा शेवटचा रकाना नावाचा असतो: कोणता उपाय कोण पाहणार. शूटिंग थांबवण्याचा अधिकारही एका नावापुढे लिहावा आणि ते नाव दिग्दर्शकाचं नसावं. त्याला शॉट हवा असतो. आग, पाणी, उंची किंवा चालती गाडी कथेत आली, तर हा कागद पुरत नाही. तिथे प्रशिक्षित स्टंट मास्टर हवा, नाहीतर पटकथा बदलायला हवी.