स्टेटस किती वाजता, आठवड्यातून किती वेळा?

घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईची जाहिरात आज बहुतेक ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर चालते. शिवून झालेला ब्लाउज हँगरला अडकवला, मागच्या गळ्याचा फोटो काढला आणि टाकला, की गिऱ्हाइकाला कळतं. पण तो टाकायचा कधी आणि किती वेळा, याचं उत्तर सहसा फोनवरच्या व्हिडिओंमध्ये शोधलं जातं. ‘रोज टाका, दिवसातून तीनदा टाका’ असा सल्ला तिथे सर्रास मिळतो. तो माल विकणाऱ्या दुकानाला चालेलही. शिवणकामात मात्र विकायला ठेवलेला माल नसतो, विकले जातात ते मशीनवरचे तास. म्हणून हिशेबाची सुरुवात फोनपासून न करता मशीनपासून करावी लागते.

संक्रांतीचंच उदाहरण घेऊ, कारण तिची तारीख जवळपास ठरलेली, 14 जानेवारी. काळ्या साडीवरचा ब्लाउज तेव्हा प्रत्येकीला हवा असतो. सांगलीत घरी एकटीने काम करणारी एक बाई डोळ्यांसमोर आणू. घरचं सांभाळून तिचे दिवसाला अस्तराचे दोन ब्लाउज होतात, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात 12. ट्रायलला आणि उसवण्या-घालण्याला तीन दिवस राखून ठेवायचे, तर सगळं काम 11 जानेवारीपर्यंत हातावेगळं व्हायला हवं. 8 डिसेंबरपासून मोजलं तर पाच आठवडे मिळतात, म्हणजे 60 ब्लाउज. त्यांतले 15 एका लग्नघरचे आधीच घेतलेले आणि 20 दरवर्षी येणाऱ्या बायकांचे. नव्या गिऱ्हाइकांसाठी उरतात 25.

आता तिच्या मागच्या नोंदींवरून असं दिसलं, की एका स्टेटसमागे सरासरी दोन ऑर्डरी पक्क्या होतात. 25 ऑर्डरींसाठी तेरा स्टेटस पुरतात. 1 ते 31 डिसेंबर या महिन्यात ते पसरले, की आठवड्याला तीन पडतात. हेच तिने रोज एक टाकलं, तर साठाच्या घरात मागणी येईल, निम्म्याहून जास्त बायकांना नाही म्हणावं लागेल किंवा हो म्हणून तारीख चुकवावी लागेल. संक्रांतीचा ब्लाउज 15 तारखेला मिळाला, तर ती बाई पुढच्या वर्षी दुसरीकडे जाते आणि जाताना चार जणींना सांगून जाते. आठवड्याला तीन हा आकडा या बाईचा आहे. कारागीर हाताशी असलेल्या दुसरीचा पाच येईल, फक्त फॉल-पिको करणारीचा आणखी वेगळा. रीत मात्र तीच: आधी हातात किती जागा आहे ते मोजायचं, मग एका स्टेटसमागे काय येतं ते पाहायचं आणि एकाला दुसऱ्याने भागायचं.

25 भरले, की शेवटचा स्टेटस टाकायचा: ‘संक्रांतीच्या ऑर्डर पूर्ण झाल्या. रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवासाठी घेत आहे.’ पुष्कळ जणी हा टाकायला कचरतात, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. खरं तर सर्वांत जास्त उपयोगाचा स्टेटस हाच. वेळेत न आलेल्यांना पुढच्या खेपेला लवकर यायचं हे यातूनच कळतं.

वेळेचं गणित जरा वेगळं आहे. स्टेटस 24 तास राहतो. रात्री नऊला टाकलेला रात्रीच्या जेवणानंतर दिसतो, सकाळी मुलं शाळेला गेल्यावर दिसतो आणि दुपारच्या निवांत तासातही दिसतो. सकाळी सहाला टाकलेलाही रात्री दिसतोच, पण तोवर नंतर टाकलेल्या इतरांच्या स्टेटसखाली तो गेलेला असतो. म्हणून गिऱ्हाइकाच्या फुरसतीच्या थोडं आधी टाकणं बरं. नोकरी करणाऱ्या बायका जास्त असतील तर रात्री साडेआठ-नऊ, घरी असणाऱ्या जास्त असतील तर दुपारी दोन.

यापेक्षा मोठी अट दुसरीच आहे. टाकल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास शिवणारीचा स्वतःचा मोकळा हवा. ‘शिलाई किती?’, ‘कधी मिळेल?’ हे प्रश्न लगेच येतात आणि उत्तर उशिरा गेलं तर विचारणारीने तोवर दुसरीकडे विचारलेलं असतं. हातात कात्री आणि समोर कुणाची पैठणी पसरलेली असताना फोन वाजत राहणं तर परवडणारच नाही. कटिंगच्या वेळी स्टेटस टाकू नये, एवढं पथ्य पाळावंच.

फोटो मात्र त्या वेळी काढायचा नसतो. ट्यूबलाइटखाली मोरपंखी निळा दिसतो, आणि काळ्या कापडावरची पाइपिंग तर दिसतच नाही. सकाळी दहा-अकराला खिडकीजवळ, ऊन थेट न पडेल असा ब्लाउज टांगून आठवड्याचे तीन-चार फोटो एकदम काढून ठेवावेत आणि रात्री एकेक टाकावा. एका वेळी सात-आठ फोटोंची रांग लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक स्टेटसखालच्या डोळ्याच्या खुणेपुढचा आकडा पाहिला, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत तो घसरत गेलेला दिसेल. कंटाळलेली बाई स्टेटस म्यूट करून टाकते आणि तसं केल्याचं शिवणारीला कळतही नाही.

पाहणाऱ्यांचा आकडा मुळातच कमी असेल, तर दोष वेळेचा नसण्याची शक्यता मोठी. नेहमीच्या सेटिंगमध्ये स्टेटस दिसायला दोघींच्या फोनमध्ये एकमेकींचा नंबर सेव्ह असावा लागतो. माप घेतानाच गिऱ्हाइकाला समोर नंबर सेव्ह करायला सांगणं हे वेळ बदलत बसण्यापेक्षा जास्त कामाचं.

इन्स्टाग्रामवर तासाचं महत्त्व आणखी उतरतं. तिथे पोस्ट निव्वळ वेळेच्या क्रमाने दाखवल्या जात नाहीत, आणि एखादं रील टाकल्यावर कित्येक दिवसांनीही अनोळखी माणसापर्यंत जातं. गळ्याला डोरी-लटकन लावतानाचं एखादं छोटं रील आठवड्याला पुरे. व्यावसायिक खातं केलेलं असेल तर फॉलोअर कोणत्या वारी, कोणत्या वेळी जास्त असतात, हे इनसाइट्समध्ये पाहता येतं.

नवरीच्या ब्लाउजला यांतलं कुठलंच वेळापत्रक लागू नाही. तो लग्नाच्या आधी कुणाला दिसू नये, असं तिला वाटतं आणि ते रास्त आहे. लग्न लागल्यावर, तिची परवानगी घेऊन, शक्य तर तिने घातलेलाच फोटो टाकावा. हँगरवरच्या फोटोतून शिवण दिसते, पण खांद्याला आणि मुंढ्याला बसलेलं फिटिंग घातलेल्या ब्लाउजमध्येच कळतं.

नोंदी ठेवायला मापांच्या वहीचं शेवटचं पान चालतं: तारीख, वेळ, काय टाकलं, किती जणींनी पाहिलं, किती जणींनी विचारलं, किती ऑर्डर आल्या. दोन आठवडे रात्रीची वेळ, पुढचे दोन आठवडे दुपारची, बाकी काही न बदलता. ही पारख दिवाळीच्या किंवा ऐन लग्नसराईच्या तोंडावर करू नये, तेव्हा काहीही टाकलं तरी विचारणा येते. नीट अंदाज यायला लग्नं नसलेला आषाढ बरा. त्या दिवसांत मशीनलाही थोडी उसंत असते, आणि श्रावणातल्या मंगळागौरीची कामं सुरू होण्याआधी आपला आकडा हाती आलेला असतो.