मोहितोमध्ये ओल्ड मंक का जमत नाही? रमच्या रंगामागचा सगळा विषय समजून घ्या

समजा, बोरिवलीत शनिवारी रात्री मित्र जमलेत. पुदिना, लिंबू, सोडा, बर्फ सगळं तयार आहे. बेत मोहितोचा आहे, पण घरात बाटली आहे ती ओल्ड मंकची. रम ती रमच, असं म्हणून ग्लास भरला जातो. पहिल्याच घोटात कळतं की काहीतरी बिनसलंय. पुदिना हरवलाय, लिंबू लपलंय आणि जिभेवर राहिलीय ती व्हॅनिला आणि जळक्या साखरेची चव. चूक रमची नाही, निवडीची आहे.

सुरुवात उसापासून करू. साखर कारखान्यात रस आटवून साखरेचे दाणे वेगळे काढले की मागे जो काळा, घट्ट, कडवट-गोड पदार्थ उरतो, त्याला मळी म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना हिचा वास सांगायला नको. गूळ करताना मिळणारी काकवी वेगळी, कारण तिच्यातली साखर काढून घेतलेली नसते. जगातली बहुतांश रम मळीपासून होते. मळी महिनोन् महिने टिकते, टँकरने कुठेही नेता येते आणि वर्षभर वापरता येते.

दुसरा मार्ग थेट ताज्या रसाचा. रसवंतीवरचा रस दुपारपर्यंत कसा आंबतो, हे मुंबईकरांना माहीत आहे. त्यामुळे डिस्टिलरी शेताजवळच लागते आणि काम फक्त तोडणीच्या हंगामात चालतं. म्हणून ही रम कमी आणि सहसा महाग. तिला हिरव्या गवताचा, ओल्या उसाचा वास असतो. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाची रम याच पद्धतीची. भारतात पिकाडिलीची 12 वर्षं मुरलेली कामिकारा उसाच्या रसापासूनच बनते.

आता रंगाकडे येऊ. भट्टीतून निघालेली कोणतीही रम पाण्यासारखी पारदर्शक असते. रंग येतो तो लाकडी पिंपात मुरल्याने किंवा वरून घातलेल्या कॅरॅमलने. इथेच बहुतेकांची फसगत होते. गडद रम म्हणजे जुनी रम असं नसतं, कारण कॅरॅमलने रंग एका दिवसात येतो. उलट काही व्हाइट रम पिंपात मुरवून नंतर कोळशातून गाळतात, त्यामुळे रंग निघून जातो. रंग फक्त चवीचा अंदाज देतो, वय मात्र लेबलवरच वाचायचं.

तो अंदाज असा. व्हाइट रम हलकी असते आणि लिंबू-पुदिन्याला पुढे येऊ देते. गोल्डन रममध्ये पिंपाची थोडी गोडी आणि मसाल्याची छटा असते. डार्क रममध्ये गूळ, कॅरॅमल आणि व्हॅनिला पुढे असतात. 1954 साली बाजारात आलेली, 42.8 टक्के अल्कोहोलची ओल्ड मंक याच गटातली.

हे पडताळायचं तर डायकिरी करून बघा. 60 मिली व्हाइट रम, 25 मिली लिंबाचा रस आणि 20 मिली साखरेचा पाक घ्या. पाक म्हणजे समान मापाने साखर आणि पाणी. भरपूर बर्फ घालून 15 सेकंद जोरात हलवा आणि गाळा. आंबट-गोड, स्वच्छ चव लागते. आता हेच माप डार्क रमने करा. लिंबू मागे पडतं आणि गोडवा जड होतो. पाक निम्मा केला तर थोडं सावरतं, पण मग ते पेय डायकिरीसारखं लागत नाही.

डार्क रमला तिच्या तोडीचा जोडीदार लागतो. लार्ज पेग, म्हणजे 60 मिली, त्यात साधारण दुप्पट कोला आणि लिंबाची फोड पिळली की कॅरॅमलची चव कोलात मिसळते. कोला नको असेल तर जिंजर एल घ्या, आल्याचा तिखटपणा गूळकट चवीला कापतो. गोल्डन रम मधली वाट आहे. फळांचा रस घातलेल्या पंचमध्ये ती दबत नाही आणि दाबतही नाही. गोव्यातल्या मका झायसारख्या ब्रँडची व्हाइट आणि गोल्ड अशी दोन्ही रूपं मिळतात, त्यामुळे शेजारी ठेवून फरक चाखता येतो. 12 वर्षं मुरलेली रम मात्र कोलात बुडवू नका. तिच्यासाठी मोजलेले पैसे चवीचे असतात आणि ती चवच कोला झाकून टाकतो.

मग अंधेरीच्या वाइन शॉपमध्ये एकच बाटली घ्यायची असेल तर? आधी कॉकटेल ठरवा. लिंबू, पुदिना, सोडा असेल तर व्हाइट. कोला किंवा आलं असेल तर डार्क. दोन्ही थोडं थोडं होणार असेल तर गोल्डन.

आणि हो, महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, शिवाय कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. पार्टी अंधेरीत असो की मुलुंडमध्ये, परतीचा प्रवास रिक्षाने किंवा लोकलने.