तक्त्यातलं नाव, यादीतली खुर्ची

सत्काराच्या कार्यक्रमाला पाहुणे येऊ लागले की दारावरच्या स्वयंसेवकाला प्रत्येकजण आपलं नाव सांगतो, खुर्चीचा नंबर कुणीच सांगत नाही. स्वयंसेवकाच्या हातात मात्र आसनव्यवस्थेचा तक्ता असतो. आडव्या रांगा, उभ्या खुर्च्या आणि चौकटीचौकटीत नावं. सी रांगेतल्या आठव्या खुर्चीवर कोण, हे तो तक्ता चटकन सांगतो. ‘शिंदे कुठे बसणार?’ याचं उत्तर हवं असेल तर सगळा कागद धुंडाळावा लागतो. म्हणून नाव, रांग आणि खुर्ची अशा तीन रकान्यांची, नावाप्रमाणे लावलेली यादी लागते. मूळ फाइल हाताशी असली तर हे काम सोपं आहे. पण पुष्कळदा ती सापडत नाही आणि उरतो तो त्या कागदाचा स्कॅन.

हा स्कॅन अक्षरं ओळखणाऱ्या, म्हणजे ओसीआर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये थेट टाकला तर बहुधा घोळ होतो. काही प्रोग्रॅम तक्ते ओळखतात, पण साधं ओसीआर कागद ओळीने वाचत जातं. चौकटीत वर ‘सौ.’ आणि खाली ‘कुलकर्णी’ असेल, तर पहिल्या ओळीत ‘सौ. श्री. श्री. सौ.’ आणि दुसरीत आडनावांची माळ मिळते. कोणतं आडनाव कुठल्या खुर्चीचं, हे त्यातून कळत नाही. खुर्चीचा नंबर चौकटीत लिहिलेलाच नसतो. तो चौकटीच्या जागेवरून काढायचा असतो. त्यामुळे आधी जागा पक्की करायची आणि नाव नंतर वाचायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, आडव्या ए-फोर कागदावर दहा रांगांचा तक्ता आहे. रांगेत १२ खुर्च्या, सहा-सहाच्या दोन भागांत, आणि मधे जायला वाट. डावीकडे रांगेच्या अक्षराचा रकाना धरून एकूण १४ रकाने झाले. प्रत्येक रकाना २० मिलिमीटर रुंद आणि प्रत्येक रांग १५ मिलिमीटर उंच.

पहिलं काम कागद सरळ करण्याचं. स्कॅन करताना कागद एक अंशाने जरी कलला, तरी २९७ मिलिमीटर रुंदीच्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला ओळ पाच मिलिमीटरने वर किंवा खाली सरकते. रांगेची उंचीच १५ मिलिमीटर असल्यामुळे उजव्या टोकाच्या नावाचा एक तृतीयांश भाग शेजारच्या रांगेत जाऊ शकतो. तक्त्याच्या चौकटीची वरची रेघ कागदावर पुरेपूर आडवी येईपर्यंत चित्र फिरवलं की ही अडचण मिटते.

मग चौकटी कापायच्या. इथे देवनागरीची स्वतःची एक गोष्ट आहे. चौकटीच्या रेघा पुसणारे प्रोग्रॅम लांबलचक सरळ रेघ शोधतात आणि ती काढून टाकतात. आपल्या लिपीत शिरोरेखाही सरळ आडवीच असते. रेघेची किमान लांबी कमी ठेवली तर ‘कुलकर्णी’ची शिरोरेखाही पुसली जाईल. म्हणून ही लांबी सर्वांत लांब नावापेक्षा जास्त ठेवावी लागते. आपल्या उदाहरणात ती रकान्याच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ४० मिलिमीटर ठेवली तरी चालेल, कारण खरी रेघ कागदभर जाते. उलट, उभी रेघ पुसायची राहिली तर ती नावाच्या शेवटी काना किंवा दंड म्हणून वाचली जाऊ शकते. चौकट फार घट्ट कापली तर शिरोरेखेच्या वरचे अनुस्वार, रफार आणि वेलांट्या छाटल्या जातात आणि शिंद्यांचे ‘शिदे’ होतात.

कापलेली एकेक चौकट वाचायला टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम चालतो. त्याच्यासाठी मराठीची खूण `mar` अशी आहे, आणि `--psm 6` म्हणजे चित्रात मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं समज. दोन ओळींच्या नावाला ते जमतं.

```
tesseract chaukat.png stdout -l mar --psm 6
```

आता खुर्चीचा हिशेब. एका नावाचा मध्य तक्त्याच्या डाव्या कडेपासून १९० मिलिमीटरवर आहे. पहिले २० मिलिमीटर रांगेच्या अक्षराचे. ते वजा करून २० ने भागलं की साडेआठ येतात, म्हणजे नववा रकाना. पण त्यांतला सातवा रकाना वाटेचा आहे, तिथे खुर्चीच नाही. म्हणून खुर्ची आठवी. वाट वजा करायची राहिली तर उजवीकडचा प्रत्येकजण एका खुर्चीने पुढे सरकतो आणि शेवटच्याला तेरावी खुर्ची मिळते, जी सभागृहात नाहीच. तेरा हा आकडा यादीत दिसला की चूक तिथेच पकडता येते.

रांगांच्या अक्षरांतही असाच खड्डा आहे. पुष्कळ नाट्यगृहांत ‘आय’ ही रांग नसते, कारण इंग्रजी आय आणि एक यांची गल्लत होते. अशा ठिकाणी एचनंतर थेट जे येते. नुसतं मोजून अक्षर लावलं तर नवव्या रांगेतले सगळे पाहुणे नसलेल्या रांगेत बसतील. शिवाय रंगमंच तक्त्यात वर काढलाय की खाली, हे बघायला हवं. खाली असेल तर कागदाची डावी बाजू ही प्रेक्षकाची उजवी बाजू असते. नंबर उजवीकडून सुरू होत असतील तर आपली आठवी खुर्ची प्रत्यक्षात पाचवी ठरते.

वाचलेली नावं स्प्रेडशीटमध्ये तक्त्यासारखीच मांडली, ए स्तंभात रांगा, पहिल्या ओळीत खुर्च्यांचे नंबर आणि एच स्तंभ वाटेसाठी कोरा ठेवला, की गूगल शीट्समध्ये एका सूत्रात यादी होते:

```
=ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(B2:N11&"|"&A2:A11&"|"&B1:N1),"|",TRUE,FALSE))
```

शेवटचा `FALSE` गाळू नये. तो नसला तर रिकाम्या खुर्चीची कोरी जागा सूत्र टाकून देतं, पुढचं सगळं डावीकडे सरकतं आणि नावाच्या रकान्यात ‘सी’ हे गृहस्थ अवतरतात. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत ‘अनपिव्हट’ने हेच काम होतं, पण तिथे कोऱ्या चौकटी गळून जातात. रिकाम्या खुर्च्याही यादीत हव्या असतील तर आधी त्यांत ‘रिकामी’ असं लिहून ठेवावं.

आणखी एक फसवी जागा म्हणजे जोडलेल्या चौकटी. तीन खुर्च्यांवर मिळून ‘कुलकर्णी परिवार’ लिहिलेलं असेल, तर स्प्रेडशीटमध्ये ते नाव फक्त पहिल्या चौकटीत राहतं. उरलेल्या दोन खुर्च्या यादीत मोकळ्या दिसतात आणि दारावरचा माणूस त्या दुसऱ्यांना देऊन बसतो. म्हणून अशा चौकटी सुट्या करून तिन्हींत नाव भरायचं.

तपासणीची सुरुवात बेरजेने करावी. सूत्रातून १३० ओळी यायला हव्यात. वाटेच्या दहा काढल्या की उरल्या १२०. त्यांत नावं आणि रिकाम्या खुर्च्या मिळून बरोबर १२० भरतात का, ते बघायचं. मग चार कोपऱ्यांतल्या खुर्च्या आणि दोन-तीन रांगांतल्या सहाव्या-सातव्या खुर्च्या मूळ कागदाशी ताडून पाहायच्या. जागेचा हिशेब चुकला असेल तर तो बहुधा इथेच उघडा पडतो. नावांचं शुद्धलेखन मात्र डोळ्यांनीच वाचावं लागतं. ‘शिदे’ चुकीचं आहे हे बेरीज सांगत नाही.

तक्ता हाताने लिहिलेला असेल तर टेसरॅक्टचा फारसा उपयोग नाही. ते छापील अक्षरांसाठी आहे. आणि १२० नावांचा एकच कागद असेल, तर एकाने रांग पुकारत वाचावं आणि दुसऱ्याने स्प्रेडशीटमध्ये टाइप करावं, हेच लवकर होतं. स्कॅनची सगळी खटपट परवडते ती एकाच मापाचे पुष्कळ तक्ते असतील तेव्हा. परीक्षेच्या पंचवीस वर्गखोल्यांचे तक्ते एकाच छापाचे असले, तर रकान्यांची मापं एकदाच घ्यावी लागतात.