शॉर्टेज चाळीस हजारांचं

वडाळा पश्चिमेला, कात्रक रोडच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर एका सब-ब्रोकरचं छोटं ऑफिस आहे. कमोडिटीचा बाजार नऊला उघडतो, पण तिथल्या मुलाचं काम त्याआधीच सुरू झालेलं असतं. मुख्य ऑफिसातून रात्री आलेली यादी तो उघडतो. तीत क्लायंटचा कोड, लेजरमधली शिल्लक, लागणारं मार्जिन आणि शेवटच्या रकान्यात शॉर्टेज असतं. ज्यांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात आकडा दिसतो, त्यांना फोन जातात.

"काका, क्रूडचं शॉर्टेज आलंय. चाळीस हजार. साडेदहाच्या आत टाका, नाहीतर आरएमएसवाले पोझिशन कापतील."

"अरे, काल दीडशे रुपयांनीच पडलंय. त्याचे पंधरा हजार होतात. चाळीस कुठून आणलेस?"

काकांचा हिशेब चुकलेला नाही, पण तो अर्धाच आहे. क्रूडचा मोठा लॉट शंभर बॅरलचा असतो. भाव रुपयाने हलला की खात्यात शंभर रुपये इकडचे तिकडे होतात. काकांनी 5,600 च्या भावाने एक लॉट घेतला, म्हणजे सौदा झाला 5,60,000 रुपयांचा. खात्यातून अडकले मात्र दीड लाख. (आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. खरं मार्जिन रोज बदलतं.) हे दीड लाख किमतीचा पहिला हप्ता नव्हे. उद्या भाव उलटा गेला तर काका पैसे देतील, याची ती अनामत. ती काकांचीच राहते, फक्त गोठलेली असते.

रोज रात्री बाजार बंद झाला की एक्स्चेंज त्या दिवसाचा सेटलमेंट भाव जाहीर करतं. हा भाव म्हणजे स्क्रीनवर दिसलेला शेवटचा सौदा नसतो, साधारणपणे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी असते. त्यामुळे झोपण्यापूर्वी मोबाइलवर पाहिलेला तोटा आणि सकाळच्या स्टेटमेंटमधला तोटा जुळत नाही, आणि यावरून या ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी वाद होतो. सेटलमेंट भावावर प्रत्येक उघडा सौदा नव्याने मांडला जातो. हाच 'एम-टू-एम'. पहिल्या दिवशी भाव 5,540 झाला, काकांचे 6,000 गेले. दुसऱ्या दिवशी 5,430, आणखी 11,000. तिसऱ्या दिवशी 5,280, म्हणजे 15,000. हे पैसे अडकलेले नाहीत. क्लिअरिंगमधून ते विकणाऱ्या बाजूच्या खात्यात रोख जमा झाले आहेत.

अमेरिकी पद्धतीत इथे मधे एक पायरी असते, मेंटेनन्स मार्जिन. समजा सुरुवातीचं मार्जिन दीड लाख आणि मेंटेनन्स 1,20,000. पहिल्या दिवशी खातं 1,44,000 वर येतं, दुसऱ्या दिवशी 1,33,000 वर, आणि कोणी फोन करत नाही. तिसऱ्या दिवशी ते 1,18,000 होतं. रेषा दोन हजारांनी ओलांडली. मग मागणी दोन हजारांची होते का? नाही. खातं रेषेपर्यंत नव्हे, पुन्हा दीड लाखापर्यंत भरावं लागतं, म्हणजे 32,000. परीक्षेला बसलेली मुलं हमखास इथेच घसरतात, आणि खरे ट्रेडरही.

आपल्या एक्स्चेंजवर ही मधली सवलत नाही. जेवढा तोटा, तेवढा दुसऱ्या दिवशी भरायचा. काकांनी आधी 6,000 भरले, मग 11,000, आता 15,000 भरायचे आहेत. बेरीज तीच, 32,000. फरक एवढाच की तिकडे दोन दिवस शांततेत जातात आणि मग एकदम धक्का बसतो, इकडे रोज सकाळी फोन वाजतो. आमच्या मते हा रोजचा त्रास बरा, कारण तोटा किती झाला हे माणसाला त्याच दिवशी कळतं.

तरीही पंधराचे चाळीस झाले कसे? भाव जोरात हलू लागला की एक्स्चेंजचं स्पॅन मार्जिन वाढतं, कारण ते थोड्या काळात भाव किती हलू शकेल या अंदाजावरच बेतलेलं असतं. काकांच्या लॉटला काल दीड लाख पुरत होते, आज 1,75,000 लागतात. तोट्याचे 15,000 आणि वाढीव मार्जिनचे 25,000, मिळून चाळीस. यातले पंधरा गेले, पंचवीस सौदा मिटला की परत मिळतील. यादीत मात्र दोन्ही एकाच रकान्यात बसतात. शेअर गहाण ठेवून मार्जिनचा काही भाग भागवता येतो, पण एम-टू-एम रोखच लागतो. म्हणून डिमॅटमध्ये लाखोंचे शेअर असलेल्या माणसालाही शॉर्टेज येऊ शकतं.

स्पॅनचा हा अंदाज साफ फसला तो 20 एप्रिल 2020 रोजी. टाळेबंदीमुळे एमसीएक्सचा व्यवहार संध्याकाळी पाचला थांबत होता. त्या दिवशी एप्रिलचा क्रूड वायदा संपणार होता आणि शेवटचा भाव होता 965 रुपये. या वायद्यात पिंपं कोणी उचलत नाही. न्यूयॉर्कचा भाव रुपयांत करून हिशेब मिटतो. साठवायला जागा उरली नव्हती म्हणून न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी मे महिन्याचा वायदा कोसळत गेला. तो शून्याखाली गेला तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेअकरा उलटले होते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो उणे 37.63 डॉलरवर ठरला. पाचनंतर इथल्या कोणालाही सौदा विकून बाहेर पडायची सोय नव्हती.

एमसीएक्सने आधी तात्पुरता एक रुपया भाव धरला. एका लॉटमागे 96,400 रुपये गेले, म्हणजे 965 च्या भावाने लॉटची जवळजवळ सगळी किंमत. मग डॉलर साधारण 76.6 रुपयांना धरून अंतिम भाव आला उणे 2,884. त्याचे आणखी 2,88,500. एकूण 3,84,900, तेही 96,500 रुपयांच्या मालावर. मार्जिन शंभर टक्के घेतलं असतं तरी पुरलं नसतं, कारण भाव शून्यावर थांबतो हे त्या हिशेबात गृहीतच होतं. काही ब्रोकर मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण भाव तोच राहिला. ज्या क्लायंटनी पैसे भरले नाहीत, त्यांची बाकी ब्रोकरच्या अंगावर आली. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये सेबीने शून्याजवळच्या आणि उणे भावांसाठी मार्जिनची वेगळी चौकट आणली.

काकांकडे चाळीस हजार तयार नव्हते, आणि एक लॉट अर्धा कापता येत नाही. त्यांनी दहा बॅरलचे दहा मिनी लॉट घेतले असते, तर आरएमएसला तीनच कापावे लागले असते. सात मिनींना 1,22,500 लागतात आणि खात्यात 1,35,000 आहेत. दोन कापून भागलं नसतं, कारण आठांना 1,40,000 लागतात. ऑफिसातल्या मुलाने हे काकांना फोनवरच मांडून दाखवलं. काकांनी लॉट विकायला सांगितला आणि विचारलं, "मिनीचं मार्जिन आज किती चाललंय?"