राउटर रीसेट करण्याआधीची दहा मिनिटं

वाय-फाय सतत तुटू लागलं की कुणीतरी हमखास सल्ला देतं, "मागचं बटण दाब, सगळं नवं होईल." सगळं नवं होतंही, पण पंचाईत तिथूनच सुरू होते. केबलवाल्याने दिलेलं युजरनेम आणि पासवर्डही त्यात पुसले जातात, आणि तो चार वर्षांपूर्वी ते टाकून गेलेला असतो.

रीस्टार्ट आणि रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लग काढून अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावला की राउटर रीस्टार्ट होतो, त्यातलं काही पुसलं जात नाही. रीसेटमध्ये मात्र तो कारखान्यातून निघाला तेव्हाच्या स्थितीला जातो. म्हणून आधी रीस्टार्ट करून पाहावं आणि त्याने भागलं नाही तरच रीसेटकडे वळावं.

फायबरचं कनेक्शन असलेल्या बऱ्याच घरांत दोन डबे असतात. काचेची बारीक तार ज्यात शिरते तो ओएनटी कंपनीचा, आणि त्याला जोडलेला वाय-फायचा राउटर आपला. ओएनटीला हात लावू नये. त्यातली जुळणी कंपनीच्या बाजूने केलेली असते आणि ती पुसली गेली तर माणूस बोलावण्याखेरीज इलाज उरत नाही. काही घरांत दोन्ही कामं एकच डबा करतो. तिथे रीसेटआधी कंपनीला फोन करणंच शहाणपणाचं.

आता टीपी-लिंकचा एक साधा घरगुती राउटर घेऊ. ब्राउझरमध्ये `192.168.0.1` किंवा `tplinkwifi.net` टाकून आत गेलं की Advanced मध्ये Internet किंवा WAN नावाचं पान असतं. तिथे कनेक्शनचा प्रकार दिसतो. Dynamic IP असेल तर बहुधा पासवर्डचा प्रश्नच नसतो. PPPoE असेल, तर राउटर दर वेळी कंपनीच्या सर्व्हरला युजरनेम-पासवर्ड देऊन जोडला जातो. हेच जपायचं. Static IP असेल तर तिथले सगळे आकडे टिपून घ्यावे लागतात.

पानाचा फोटो काढून ठेवावा. युजरनेम स्पष्ट दिसतं, पासवर्डच्या जागी मात्र ठिपके असतात. शेजारी डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून पासवर्ड वाचता येतो. नसेल तर रीसेटच्या आधीच ऑपरेटरकडून मागून घ्यावा, कारण नेट बंद पडल्यावर रविवारी संध्याकाळी तो फोन उचलेलच असं नाही. कुठे VLAN ID भरलेला असला तर तोही लिहावा. WAN चा MAC पत्ता लिहायला विसरू नये. काही लोकल ऑपरेटर खातं एकाच MAC शी बांधून ठेवतात आणि राउटरमध्ये जुन्या यंत्राचा पत्ता भरलेला असतो. तो गेला की पासवर्ड बरोबर असूनही नेट येत नाही.

Backup & Restore या पानावरून सगळ्या सेटिंगची फाइल संगणकावर उतरवता येते. ती जरूर घ्यावी, पण भिस्त वहीवर ठेवावी. फाइल सहसा त्याच मॉडेलला चालते, आणि परत चढवली की ज्या बिघाडामुळे रीसेट केलं ती चुकीची सेटिंगही परत येते. ॲडमिन पासवर्ड विसरला म्हणून रीसेट केलं असेल, तर जुन्या फाइलबरोबर तोच विसरलेला पासवर्ड परत येऊ शकतो. याच पानावर काही मॉडेलमध्ये लॉगिन सोडून बाकी सगळं पुसणारा पर्याय असतो. ते लॉगिन राउटरचं असतं, कंपनीचं नव्हे. इथे अनेकांची गफलत होते.

एवढं झालं की राउटर चालू असताना Reset चं बटण दाबून धरावं. ते छिद्रात असेल तर सिमची पिन वापरावी. साधारण दहा सेकंदांत दिवे लुकलुकतात, तेव्हा सोडावं. WPS आणि Reset चं बटण एकच असेल तर थोडक्यात दाबल्याने रीसेट होत नाही. नंतर दोन-तीन मिनिटं वीज तोडू नये.

राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या लेबलवर पहिल्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड असतो. त्याने जोडून नवा ॲडमिन पासवर्ड ठरवावा, PPPoE निवडून वहीतली माहिती भरावी, VLAN आणि MAC असल्यास तेही. वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला की घरातले टीव्ही आणि फोन आपोआप जोडले जातात. जुना पासवर्ड बाहेर कुणाला कळलेला असेल तर मात्र नवा द्यावा.

Status च्या पानावर WAN IP समोर `0.0.0.0` दिसत असेल तर जोडणी झालेली नाही. आधी ओएनटीची वायर WAN च्या खाचेत आहे ना, हे पाहावं. मग युजरनेममधली अक्षरं तपासावीत. लहान-मोठं अक्षर किंवा शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा पुरते. सगळं बरोबर असूनही नकार येत असेल, तर कंपनीच्या सर्व्हरवर आधीचं सत्र अजून चालूच असण्याची शक्यता असते. राउटर पाच-दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावावा. तरीही शून्यच दिसलं तर ऑपरेटरला फोन करून खात्यावरचं जुनं सत्र आणि MAC मोकळा करायला सांगावं. हे त्याच्या बाजूने करायचं काम आहे.